‘हवा बदलली’ म्हणून किती दिवस हात झटकणार?

पाऊस परतला की आमच्या ऐरोलीत प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असते, ‘हवा बदललीये, घसे धरणारच.’ लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, शाळेच्या बससमोर उभ्या असलेल्या पालकांमध्ये हेच वाक्य मी यंदा इतक्या वेळा ऐकले आहे, की आता ते कानावर पडले तरी माझे डोके फिरते. चार माणसांच्या घरात पंधरा दिवस एकापाठोपाठ एक घसा धरला, सत्तरीच्या सासूबाईंची साखर दुपटीवर गेली, मुलीची सहामाही परीक्षा बुडाली, आणि याचा दोष फक्त हवेचा? हवेचा वाटा आहे, मी नाकारत नाही. पण उरलेला वाटा माणसांचा आहे आणि त्याबद्दल कोणी बोलायलाच तयार नाही, याचा मला संताप येतो.

हवेचा वाटा काय असतो, ते आधी सांगते. पावसाळ्यात आपल्याकडे समुद्रावरून दमट वारे येतात. ऑक्टोबरमध्ये पाऊस मागे फिरला की वारा दिशा बदलतो, जमिनीवरून येऊ लागतो आणि कोरडा होतो. दुपारी ऑक्टोबर हीटने अंगाची काहिली होते, तर पुढे नोव्हेंबरमध्ये पहाटे पांघरूण लागते. रात्री गार होणारी हवा जमिनीलगत बसून राहते आणि रस्त्याची, बांधकामाची धूळ व गाड्यांचा धूर तिच्यात अडकतो. त्यामुळे सकाळी खाडीच्या पुलावरून पाहिले तर समोरची मुलुंडची बाजू करड्या थरात बुडालेली दिसते. कोरड्या आणि धुळीच्या हवेने नाकाघशाचे आतले अस्तर सुकते, आणि एरवी जंतूंना अडवून बाहेर ढकलणारा ओलसर थर आपले काम नीट करत नाही. हवेचा वाटा इथे संपतो. हवा दार किलकिले करते, पण आत यायला विषाणू लागतो आणि तो माणसाकडूनच माणसाकडे येतो. फ्रिजमधल्या पाण्यातून, सीताफळातून किंवा ताकातून तो येत नाही.

आमच्याकडे तो शाळेतून आला. मुलीच्या शेजारी बसणाऱ्या मुलाला सोमवारी ताप होता. सकाळी तापाचे औषध पाजून त्याला परीक्षेला पाठवले होते, आणि हे त्याच्या आईने स्वतःच वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिले होते, वर तीन पालकांनी त्यावर ‘शाब्बास’ म्हणून अंगठे दिले होते. मला त्या आईचा राग आहेच, पण तापातल्या मुलाचा पेपर नंतर घेण्याची सोय न ठेवणाऱ्या शाळेचा राग त्याहून मोठा आहे. तापाच्या औषधाने ताप उतरतो, संसर्ग उतरत नाही. औषध न घेता चोवीस तास ताप आला नाही, की मगच मुलाला वर्गात पाठवावे, एवढा साधा नियम पाळला असता तर निदान त्या बाकापुरती साखळी तुटली असती. बुधवारी रात्री माझी मुलगी म्हणाली, ‘आई, थुंकी गिळताना टोचतंय.’

शनिवारी नवऱ्याचा घसा बसला, सोमवारी माझा आणि मंगळवारी सासूबाईंचा. या दोन-तीन दिवसांच्या अंतराकडे नीट पाहिले तर सगळे कळते. सर्दी-घशाचे बहुतेक विषाणू शरीरात शिरल्यावर एक ते तीन दिवसांत लक्षणे दाखवतात. म्हणजे सगळ्यांना एकदम ‘हवा लागली’ नव्हती, आम्ही घरातल्या घरात तो एकमेकांना दिला होता. कसा दिला, तेही आता मला स्पष्ट दिसते. उकाडा म्हणून आम्ही चौघेही बेडरूममध्ये एसी लावून, खिडक्या घट्ट बंद करून आठ-आठ तास झोपत होतो. घरचा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा फिरवतो. खोकणाऱ्या मुलीच्या श्वासातली हवा आम्ही रात्रभर घेत होतो, आणि सकाळी उठून बेसिनशेजारी लटकणाऱ्या एकाच ओल्या टॉवेलला चौघे तोंड पुसत होतो. हे मला पहिल्याच दिवशी कोणी सांगायला हवे होते. त्याऐवजी मला सगळ्यांनी सांगितले की पोरीला दही देऊ नकोस.

पण खरा संताप पुढच्या गोष्टीचा आहे. नवऱ्याला नाक गळणे, शिंका आणि खोकला होता, आवाज बसला होता, ताप जेमतेम होता. घसादुखीबरोबर नाक वाहत असेल आणि खोकला असेल, तर ते दुखणे बहुधा विषाणूचे असते आणि अँटिबायोटिक त्यावर काहीही करत नाही. कफ पिवळा झाला म्हणजे ‘इन्फेक्शन वाढले’ हाही गैरसमज आहे, कारण साध्या सर्दीतही तो पिवळा होतो. तरी नवऱ्याने गेल्या वर्षीच्या पाकिटात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेतल्या, कारण ‘मागच्या वेळी यानेच बरे वाटले होते’. मागच्या वेळीही ते आठवड्यात आपोआपच बरे होणार होते! त्या दोन गोळ्यांनी विषाणू मेला नाहीच, अंगातल्या इतर जिवाणूंना मात्र त्या औषधाला तोंड द्यायचा सराव मिळाला.

सासूबाईंच्या बाबतीत जे घडले, त्याला माझ्याकडे माफी नाही. त्यांना मधुमेह आहे. मी तापाने पडलेली असताना त्या स्वतः खाली उतरून औषधाच्या दुकानात गेल्या आणि ‘घशासाठी काहीतरी दे बाळा’ म्हणाल्या. दुकानदाराने ‘मोसम बदललाय आजी, तीन दिवसांचा डोस देतो’ म्हणत कागदाच्या पुडीत गोळ्या बांधून दिल्या. त्याने पाकिटे अशी कापली होती की एकाही गोळीचे नाव शाबूत नव्हते. अँटिबायोटिकच्या पाकिटावर जी उभी तांबडी रेघ असते, ती एका तुकड्यावर अर्धी दिसत होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे घेऊ नका, असे सांगण्यासाठीच ती रेघ छापलेली असते. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना घशाला आराम पडला आणि त्या दुकानदाराला दुवा देत होत्या. तिसऱ्या दिवशी उपाशीपोटी त्यांची साखर 286 निघाली, एरवी ती 130 च्या आसपास असते. आमच्या डॉक्टरांनी पुडीतली उरलेली बारीक पांढरी गोळी पाहून विचारले, ‘हे स्टिरॉइड कोणी दिलं?’ आजारपणात साखर थोडी चढतेच, पण स्टिरॉइड ती उसळवते, आणि घशाची सूज झपाट्याने ओसरत असल्याने माणसाला वाटते की काय जालीम औषध आहे. न विचारता, न तपासता, वय आणि मधुमेह डोळ्यांसमोर दिसत असताना ती गोळी पुडीत घालणाऱ्याला मी गुन्हेगारच म्हणेन.

त्या दिवसापासून मी घरात जे केले त्याला फारसे पैसे लागले नाहीत. प्रत्येकाचा टॉवेल, पेला आणि चमचा वेगळा केला. ज्याला खोकला आहे त्याने घरातही मास्क लावायचा आणि शक्य तो हॉलमध्ये झोपायचे ठरले. बाहेरून आल्यावर आणि नाक शिंकरल्यावर साबणाने वीस सेकंद हात धुणे सक्तीचे केले. खिडक्या पहाटे उघडण्याची सवय मोडली, कारण तेव्हाच हवा सर्वांत घाण असते. आता अकरा ते चार या वेळात समोरासमोरच्या खिडक्या उघडून घर वाहते करते. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चारदा गुळण्या सुरू केल्या. त्यांनी विषाणू मरत नाही, पण सुजलेल्या घशाला आराम मिळतो, आणि आराम मिळाला की माणूस पुडीच्या नादी लागत नाही. ठणका आणि ताप यांसाठी पॅरासिटामॉल पुरे झाले.

यानंतर दिवाळी संपता संपता मुलीचा घसा पुन्हा धरला, आणि या वेळी चित्र निराळे होते. ताप एकदम 102 वर गेला, खोकला नाही, नाकही वाहत नव्हते. जबड्याखालच्या गाठी हात लावू देत नव्हत्या आणि टॉर्च लावून पाहिले तर टॉन्सिलवर दह्याच्या कवडीसारखे पांढरे ठिपके होते. पाच ते पंधरा वयाच्या मुलांत असे दिसले की स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. (थुंकी गिळता न आल्याने लाळ गळू लागली, तोंड उघडेना किंवा श्वास अडकू लागला, तर दवाखान्याची वेळही न पाहता थेट रुग्णालयात जावे.) डॉक्टरांनी घशाचा स्वॅब घेतला, स्ट्रेप्टोकोकसच निघाला आणि त्यांनी अमॉक्सिसिलिनचे औषध पूर्ण दहा दिवसांसाठी लिहून दिले. हे दहा दिवस घशासाठी नसतात. घसा तीन-चार दिवसांतच बरा वाटतो. पण जिवाणू पुरता गेला नाही तर काही मुलांना पुढे संधिवाताचा ताप येतो आणि त्यात हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. घसादुखीत ज्यांना अँटिबायोटिक खरोखर हवे असते, अशांपैकी आमच्या घरात ती एकटी होती.

आणि तिचेच औषध बंद करायला सगळे टपले होते. चौथ्या दिवशी ताप नव्हता, तर नवरा म्हणाला, ‘बास की आता, एवढं अँटिबायोटिक चांगलं नसतं पोराला.’ स्वतः गरज नसताना दोन गोळ्या घेतलेल्या माणसाचे हे शब्द! सहाव्या दिवशी रात्री बाटली संपली, कारण एक बाटली दहा दिवस पुरतच नाही आणि ते पहिल्या दिवशी मला कोणी सांगितले नाही. मी चिठ्ठी घेऊन खाली त्याच दुकानात गेले, कारण इतक्या उशिरा तेच उघडे होते. दुकानदाराने चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, ‘ताप उतरलाय ना वहिनी, मग दुसरी बाटली कशाला?’ सासूबाईंना चिठ्ठीशिवाय पुडी बांधून देणारा हाच माणूस, आणि आता चिठ्ठी हातात असताना मला औषध नको म्हणून सांगत होता. मी काउंटरवर पैसे ठेवले आणि बाटली हातात पडेपर्यंत तिथून हलले नाही. आणखी चार दिवसांचे औषध बाकी होते.