सतरा तारखेला हजर झाल्यास रविवार कापतात का?

"मध्येच हजर झालं की एकतीसने भागून फक्त कामाच्या दिवसांचा पगार देतात, रविवार कापतात."

हे चूक आहे. समजा, कुपवाडच्या कारखान्यात २४,८०० रुपये पगारावर कोणी १७ जुलै २०२५ रोजी हजर झालं. ३१ ने भागल्यास रोज ८०० रुपये पडतो. १७ ते ३१ हे पंधरा दिवस, म्हणून १२,००० रुपये. त्यातले २० आणि २७ तारखेचे रविवार धरायचेच, कारण भागताना महिन्याचे सगळे रविवार धरलेले असतात. ते वगळले की हातात १०,४०० पडतात, म्हणजे थेट १,६०० चं नुकसान.

रविवार वगळायचे तर भागाकार २६ ने हवा: तेरा दिवसांचे १२,४००. नोकरी सोडतानाही हाच हिशेब, शेवटचा कामाचा दिवस धरून. पगारचिठ्ठीवरचे 'देय दिवस' आधी पाहा; ३१ चा भागाकार असून तिथे १३ दिसले, तर लगेच दुरुस्ती मागा.