ज्यादा गाडी

मंगळवारी रात्री पावणेबाराला पालक संघाची मेल आली. एवढ्या रात्री शाळेकडून काही आलं की बापाच्या छातीत आधी धस्स होतं, मग कळतं की पोरानं काही फोडलेलं नाही, नुसतं आमंत्रण आहे. दिवाळीच्या आधीच्या रविवारी शाळेच्या मैदानावर ‘दीपोत्सव सेवा बाजार’. जमलेल्या पैशांतून गगनबावड्याच्या बाजूला वाडीवरच्या एका शाळेतल्या मुलांना स्वेटर. इच्छुक पालकांनी स्टॉल बुक करावेत.

आता गगनबावड्याचा पाऊस ज्यानं पाहिलाय, तो स्वेटरला नाही म्हणणार नाही. मीही म्हटलं नाही. मेलचा खालचा भाग वाचायच्या आधीच मी ‘हो’ कळवून मोकळा झालो. खालचा भाग चौदा नियमांचा होता. स्टॉलचं भाडं सातशे, परत मिळणार नाही. स्वच्छतेची अनामत तीनशे, कचरा दिसला नाही तर परत. टेबल सहा बाय अडीच फूट, खुर्च्या दोन, विजेचं एक पॉइंट दोन स्टॉलांत मिळून. गॅस आणि शेगडी चालणार नाही. रोख घ्यायची नाही, दहा रुपयांच्या पटीतली कूपनं घ्यायची. एकूण विक्रीचे वीस टक्के सेवेसाठी. खाद्यपदार्थवाल्यांनी अन्न-नोंदणीची प्रत जोडावी, कारण कायद्यानं तात्पुरत्या स्टॉललाही नोंदणी लागते. ही नोंदणी बायकोच्या नावावर सापडली, तिनं मागं कधीतरी लाडवांच्या ऑर्डरसाठी काढली होती. आणि नियम क्रमांक अकरा, जाड अक्षरात : ‘एक पदार्थ, एक स्टॉल.’

मला अकरा नंबरची भीती वाटायचं कारण नव्हतं. मी भडंग करणार होतो. आईचं माहेर जयसिंगपूर. त्या गावच्या माणसाला भडंगाबद्दल शंका विचारणं म्हणजे पंढरपुरात विठ्ठलाचा पत्ता विचारणं. मला स्वयंपाकातलं दुसरं काही येत नाही, चहासुद्धा मी उतू घालवतो. पण भडंग माझ्या हातचा. घरात पाव्हणा आला की बायको मलाच कढईपाशी ढकलते आणि वर ‘यांना हौस आहे’ म्हणून सांगते.

बुधवारी सकाळी फोन केला. उचलला नाही. दुपारी केला, कुणीतरी उचलून ‘शाळेत या’ म्हणालं. संध्याकाळी गेलो तर व्हरांड्यात एका टेबलामागं एक गृहस्थ बसलेले. शेजारी पाण्याची बाटली, समोर लांबोडकं रजिस्टर, गळ्यात शिट्टी. चौथीतल्या एका पोराचे आजोबा. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. म्हणजे नोकरीतून निवृत्त. नियंत्रणातून झालेले दिसत नव्हते. रजिस्टरात त्यांनी मैदानाचा नकाशा काढला होता आणि बावीस स्टॉलांना एक ते बावीस फलाट क्रमांक दिले होते.

“कुठली गाडी?” मान वर न करता त्यांनी विचारलं.

“भडंग,” मी म्हणालो.

बोट रजिस्टरावरनं खाली सरकत गेलं आणि थांबलं. “चिवडा लागलाय चार नंबरला. एका मार्गावर एकाच टायमाला दोन गाड्या सोडत न्हाई आपण.”

“काका, चिवडा नव्हे. भडंग.”

आता त्यांनी चष्म्याच्या वरनं बघितलं. ज्याला रिझर्वेशन नाही पण खिडकीची जागा पाहिजे, अशा प्रवाशाकडं बघतात तसं.

“त्यात चुरमुरे असत्यात?”

“असतात.”

“शेंगदाणं?”

“असतात.”

“कडीपत्ता, हळद, तिखट?”

“असतं, पण—”

“मग?”

ह्या ‘मग’ला उत्तर नसतं. तरी मी दिलं. चिवड्यात पातळ पोहे असतात, डाळं असतं, खोबऱ्याचे काप असतात. भडंगाचे चुरमुरेच वेगळे, जाड आणि फुगीर, साध्या भेळेचे चालत नाहीत. आणि भडंगाचा जीव लसणात. चिवड्यातला लसूण काढला तर चिवडा राहतो, भडंगातला काढला तर तिखट लावलेले चुरमुरे राहतात.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आमची सून चुरमुऱ्याचाच चिवडा करत्या. लसूण घालून.”

मी हरलो होतो, पण व्हरांड्यात तोवर एक पणतीवाल्या वहिनी आणि एक आकाशकंदीलवाले येऊन उभे राहिले होते. बघणारं माणूस असलं की कोल्हापूरकर हरत नाही. मी त्यांच्याच भाषेत शिरलो. “काका, सांगलीची गाडी आणि मिरजेची गाडी एकच का?”

त्यांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना कामाचा प्रश्न विचारला होता. “न्हाई न्हाई, कशी एक असंल? बोर्ड निराळा, टाइम निराळा, कंडक्टर निराळा.” मी विजयी मुद्रेनं पणतीवाल्या वहिनींकडं बघितलं. काकांनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, “पर दोन्ही जातात जयसिंगपुरावरनंच की.”

आकाशकंदीलवाला इतका हसला की त्याच्या हातातल्या कंदिलाची एक झिरमिळी तुटली.

यानंतर पंधरा मिनिटं सांगली मार्ग, हातकणंगल्याचा थांबा आणि पूर्वी गाड्या कशा वेळेवर सुटायच्या हा विषय झाला. शेवटी काकांनाच माझी दया आली. रजिस्टराच्या तळाशी ‘इतर’ असा रकाना होता. त्यात लिहिलं, “चिवडा (लसूण). फलाट १९.” आणि मला म्हणाले, “ज्यादा गाडी म्हणून सोडतो तुमास्नी. वरच्यांनी विचारलं तर माझं नाव सांगू नका.” वरचे म्हणजे कोण, देव जाणे.

घरी येऊन हिशेब मांडला. तो आधी मांडायला हवा होता, पण उदार माणसं आधी ‘हो’ म्हणतात. तीन किलो चुरमुरे, किलोभर शेंगदाणे, पाऊण लिटर तेल, अर्धा किलो लसूण, वर तिखट-मीठ-पिठीसाखर आणि पुड्यांच्या पिशव्या : नऊशे रुपये. शंभर ग्रॅमच्या पन्नास पुड्या होतात. कूपन दहाच्या पटीत म्हणून पुडी चाळीसला. सगळ्या खपल्या तर दोन हजार. त्यातले सातशे भाडं, चारशे सेवेचे, नऊशे मालाचे. उरले शून्य. दोनदा केलं, तिसऱ्यांदा मोबाईलवर केलं. शून्य.

शून्याचं मला वाईट वाटलं नाही, धर्मकार्यच आहे. वाईट वाटलं ते हे की माझ्याकडनं अकराशे जाणार, त्यातले स्वेटरला चारशे. सातशे मांडव, स्पीकर, प्रमुख पाहुण्यांची शाल आणि नारळ यांना. बावीस स्टॉलांचे पंधरा हजार चारशे. त्यात किती लहान स्वेटर येतात हे गांधीनगरातला कुठलाही होलसेलवाला सांगेल. बायको म्हणाली, “सरळ अकराशे द्या आणि रविवारी झोपा.” तिचं बरोबर होतं, म्हणूनच मी ऐकलं नाही.

शनिवारी रात्री कढई ठेवली. परतीच्या पावसानं हवा दमट, चुरमुरे पोत्यातच सादळलेले. ते आधी मंद आचेवर कोरडे भाजून घ्यावे लागतात. एक चिमटीत धरून दाबायचा : चुर्र वाजून भुगा झाला तर जमलं, दबून चपटा झाला तर अजून ओल आहे. मग तेलात शेंगदाणे, आणि ते काढून लसूण. खरी मेख लसणात. सालीसकट ठेचलेला लसूण पार कुरकुरीत तांबूस व्हायला लागतो. जरा मऊ राहिला तर त्याची ओल रात्रभर पाझरते आणि सकाळी डबा उघडला की भडंगाचा गादीतला कापूस झालेला असतो. आणि तिखट घालायचं ते गॅस बंद करून, तेलाचा ताव उतरल्यावर, नाहीतर जळून घरभर ठसका. एवढं सगळं नीट केलं. रात्री दीडला डबे बंद केले.

रविवारी एकोणीस नंबरला पोचलो. डाव्या हाताला हात धुवायचे नळ, उजव्या हाताला मोमोवाल्यांचं स्टीमर. (शेगडी चालत नाही, विजेचं स्टीमर चालतं. नियम दहा आणि अकराच्या मधली पळवाट.) त्याच्या झाकणातनं वाफेचा लोट बरोबर माझ्या परातीवर. तासाभरात वरचा थर गप्प झाला. उघडा माल परातीतनं परत डब्यात भरला आणि बंद पुड्या पुढं मांडल्या. विजेचं पॉइंट अर्थात स्टीमरकडं.

चार नंबरला, फाटकासमोर, चिवडा होता. मी बघून आलो. दुकानातला तयार चिवडा, प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीतनं छोट्या पिशव्यांत भरलेला. अकराला संपलासुद्धा. त्यांना मी काही बोललो नाही, आपली मुलं एकाच वर्गात आहेत.

माझ्या एक्केचाळीस गेल्या. कूपनं मोजून दिली, त्यातली दोन मागच्या वर्षीची निघाली, ती कुणी दिली माहीत नाही. एका बारक्या पोरानं पुडी जाग्यावर फोडून अर्धी मातीत सांडली, आणि अनामतीतले पन्नास रुपये ‘चुरमुरे, फलाट १९’ या कारणानं कापले गेले. पावती आहे माझ्याकडं.

सगळं आवरत असताना काका आले, शिट्टी गळ्यात, हातात रजिस्टर. एक पुडी उचलली. कूपन मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, “स्टाफला पास असतोय.” तिथंच उभ्यानं फोडली, मूठभर तोंडात टाकली, डोळे मिटून चावली. कुर्र आवाज मला ऐकू आला. वाफ सोसून, नळ सोसून, परतीचा पाऊस सोसून कुर्र.

“लई भारी झालाय,” ते म्हणाले. मी हात पुसले. त्यांनी दुसरी मूठ घेतली.

“पर चिवड्याच्या मानानं लसूण जरा जास्त झाला बघा.”