बोअर मारला की जीडीपी वाढतो, पाणी खोल गेलं तर कमी होत नाही

बोअर आटतो. शेतकरी रिगची गाडी बोलावतो आणि दोनशे फुटांच्या जागी सहाशे फूट खाली जातो. केसिंग, सबमर्सिबल मोटर, केबल, स्टार्टर सगळं नवं. देशाच्या हिशेबात हा खर्च स्थिर भांडवल निर्मिती म्हणून जमेला येतो. पिकलेला ऊस शेतीच्या उत्पन्नात येतो. उन्हाळ्यात विहिरी कोरड्या पडून टँकर लागले, तर टँकरवाल्याची कमाईही धरली जाते. खाली गेलेल्या पाण्याचा रकाना मात्र नाही. म्हणजे पाणी संपण्यामुळे जो खर्च वाढला, तोच वाढ म्हणून मोजला जातो.

जीडीपीतलं पहिलं अक्षर 'ग्रॉस'चं, म्हणजे ढोबळ आकड्याचं. त्यातून झिजलेल्या मोटरचा घसाराही वजा होत नाही. तो वजा केला की निव्वळ उत्पन्न मिळतं. पण तिथेही आजवर माणसाने बनवलेल्या यंत्रांचा आणि इमारतींचाच घसारा धरला गेला, जमिनीखालच्या साठ्याचा नाही.

हा साठा किती लहान आहे ते आकड्यांतच पाहू. महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या पाषाणाचा, बेसाल्टचा. यात पाणी धरतो तो वरचा मुरूम आणि खडकातल्या भेगा. शंभर घनमीटर खडकातून उपसता येण्याजोगं पाणी साधारण दोन घनमीटर निघतं. उसाला हेक्टरी सुमारे 20 हजार घनमीटर, म्हणजे दोन कोटी लिटर पाणी लागतं. यातलं थोडं पावसाचं असतं, थोडं परत मुरतं, ते तूर्त बाजूला ठेवू. शंभर हेक्टर जमिनीखाली पातळी एक मीटर उतरली की नेमके 20 हजार घनमीटर जातात. एक हेक्टर ऊस आणि शंभर हेक्टरखाली एक मीटर उतार, असं हे प्रमाण. पाऊस जेवढं भरून काढतो, त्यापुढचा उपसा साठ्यातून जातो.

भूजलाचं सरकारी मूल्यांकन आहे, आणि ते नीट वाचायला हवं. वार्षिक उपलब्ध भूजलापैकी 70 टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर 'सुरक्षित', 90 पर्यंत 'अंशतः शोषित', 100 पर्यंत 'शोषित', पुढे 'अतिशोषित'. अख्ख्या महाराष्ट्राची सरासरी पन्नाशीच्या थोडी पुढे आहे, त्यामुळे राज्य निर्धास्त दिसतं. वरुड, मोर्शीच्या संत्रापट्ट्यात चित्र वेगळं. सरासरीत असे पट्टे बुडून जातात. दुसरी फसगत खोलीची. निरीक्षणासाठी बहुतेक उघड्या विहिरी वापरतात. चांगल्या पावसाने त्या भरतात आणि पातळी वाढल्याची नोंद होते. सहाशे फुटांवरची भेग मात्र एका पावसाळ्यात भरत नाही. म्हणून एकाच गावात विहिरीला पाणी आणि बोअर कोरडा, असं दिसू शकतं. शेजारपाजारचे नवे बोअर वर्षागणिक किती खोल जातायत, ही नोंद मला जास्त बोलकी वाटते.

मग उत्पन्नातून वजा किती करायचं? अर्थतज्ज्ञ सलाह अल सेराफी यांनी 1980 च्या दशकात सुचवलेली रीत मला सगळ्यात पटते. समजा सध्याच्या उपशाने साठा दहा वर्षं पुरेल आणि व्याजदर पाच टक्के आहे. बियाणं, खत, मजुरी, वीज, भांडवलावरचा परतावा, सगळं वजा जाता केवळ पाण्यामुळे वर्षाला 100 रुपये उरतात. त्यातले सुमारे 60 रुपये दरवर्षी बाजूला गुंतवले, तर पाणी संपल्यावरही वर्षाला साधारण 40 रुपये मिळत राहतील. म्हणून खरं उत्पन्न 40. उरलेले 60 हे मुद्दल, आणि ते आपण आज उत्पन्न म्हणून खातोय.

जंगलाचंही असंच. तोडलेलं लाकूड विकलं की उत्पन्न, उभ्या झाडाने धरलेल्या मातीचं आणि पाण्याचं मोल शून्य. शिवाय आपल्या वनाच्छादनाच्या मोजणीत एक हेक्टरच्या वरची आणि दहा टक्क्यांहून अधिक झाडांचं छत्र असलेली जमीन येते, मग ती सागाची लागवड असो की आमराई. जुनं रान गेलं आणि लागवड आली, तरी टक्का जागेवर राहतो.

2025 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने राष्ट्रीय लेख्यांचे, म्हणजे देशाचं उत्पन्न मोजण्याचे, नवे मानक मंजूर केले. त्यात नैसर्गिक साधनांची घट उत्पादनाचा खर्च मानून निव्वळ उत्पन्नातून वजा होते. हे मोठं पाऊल आहे. पण जीडीपीचा आकडा तसाच राहतो, आणि बातम्यांत झळकतो तोच. भूजलाला याचा फारसा फायदा होईल असंही मला वाटत नाही, कारण वजा करायला आधी ते मालमत्ता म्हणून मोजावं लागतं, आणि त्यासाठी मालकी व बाजारमूल्य लागतं. आपल्याकडे जमीन ज्याची, तो हवं तेवढं उपसतो. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्यात साठ मीटरची, म्हणजे दोनशे फुटांची मर्यादा आहे. सहाशे फुटांचे बोअर तरीही पडतायत.

राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय प्रत्येक जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन काढतं. त्यात उत्पन्नाच्या आकड्यांशेजारी दोन रकाने हवेत: पावसाळ्यानंतरची भूजल पातळी पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून, आणि त्या वर्षी पडलेल्या नव्या बोअरची तालुकावार सरासरी खोली. पहिली आकडेवारी भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे आहे. दुसरीसाठी प्रत्येक रिगवाल्याकडून खोलीची नोंद सक्तीने घ्यायला हवी.