गुरुजींना स्क्रिप्ट दाखवणं म्हणजे नेमकं काय दाखवणं?

इंदूरहून आम्ही दोघी-तिघी मिळून सणवार, व्रतं आणि पूजाविधी सांगणारं छोटं मराठी चॅनेल चालवतो. २०२५ च्या श्रावणी सोमवारच्या व्हिडिओत आमच्याकडून मोठी चूक झाली. ती कशी झाली आणि आता स्क्रिप्ट तपासून घेताना आम्ही काय काय करतो, ते सविस्तर लिहिते आहे. असं काम करणाऱ्या बऱ्याच जणी इथे आहेत, त्यांच्या उपयोगी पडेल.

त्या व्हिडिओत आम्ही पहिला श्रावणी सोमवार १४ जुलै सांगितला, कारण तारखा घरातल्या हिंदी कॅलेंडरवरून घेतल्या होत्या. संकल्प आणि शिवामुठीची माहिती मात्र आईच्या जुन्या मराठी पोथीतून उतरवली. गुरुजींना फोनवर सगळं वाचून दाखवलं आणि विचारलं, "बरोबर आहे ना?" ते यजमानांकडे जायच्या घाईत होते. म्हणाले, "हो, ठीक आहे." आम्ही व्हिडिओ टाकला.

२८ जुलैला देवासहून एका काकूंचा फोन आला. त्यांच्या नव्या सुनेची पहिलीच शिवामूठ होती. आमचा व्हिडिओ बघून ती मूग घेऊन बसली होती, आणि सासूबाई म्हणत होत्या की आज पहिला सोमवार, तांदूळ वाहायचे. सासूबाईंचंच बरोबर होतं. आपला महिना अमावास्येला संपतो, आपल्या हिंदी शेजाऱ्यांचा पौर्णिमेला. म्हणून त्यांचा श्रावण ११ जुलैला लागला आणि आपला २५ जुलैला. त्यांचे सोमवार १४, २१, २८ जुलै आणि ४ ऑगस्ट. आपले २८ जुलै, ४, ११ आणि १८ ऑगस्ट. त्यांचा तिसरा सोमवार तो आपला पहिला. शिवामूठ पहिल्या सोमवारी तांदूळ, दुसऱ्या तीळ, तिसऱ्या मूग, चौथ्या जव अशी असते, आणि पाचवा सोमवार आला तर सातू. आमची मोजणी दोन सोमवारांनी पुढे गेली होती. आम्ही ज्या १४ जुलैला श्रावणी सोमवार म्हटलं, त्या दिवशी मराठी घरांत आषाढ वद्य चतुर्थी होती, म्हणजे संकष्टी!

इंदूर-उज्जैनच्या मराठी माणसाला हा घोळ सहज लक्षात येत नाही, कारण आजूबाजूला दोन्ही श्रावण एकत्रच चालू असतात. त्या वर्षी महाकालाची सवारी १४ जुलैपासून १८ ऑगस्टपर्यंत सहा सोमवार निघाली. म्हणजे दोन्ही पंचांगांचे सोमवार तिच्यात येऊन गेले. डोळ्यांना सगळीकडे श्रावणच दिसतो.

मी स्क्रिप्टची छापील प्रत घेऊन गुरुजींच्या घरी गेले. त्यांनी पहिलं वाक्य वाचायच्या आधीच विचारलं, "ताई, ही पूजा कोणासाठी सांगताय? इंदूरच्या मराठी घरासाठी, पुण्यातल्या, की शेजारच्या हिंदी कुटुंबासाठी?" हे आम्ही स्क्रिप्टमध्ये कुठेच लिहिलं नव्हतं. आता आमच्या प्रत्येक स्क्रिप्टच्या माथ्यावर पहिली ओळ तीच असते: कोणत्या घरासाठी, कोणत्या गावी, कोणत्या पंचांगाने, कोणत्या तारखेला. ही ओळ नसेल तर गुरुजी पुढचं वाचतच नाहीत, आणि ते योग्य आहे.

त्या ओळीवर संकल्प अवलंबून असतो. संकल्पात देश आणि काळ दोन्हींचा उच्चार येतो. आमच्या पोथीत "गोदावर्याः दक्षिणे तीरे" होतं. इंदुरात बसून तसं कसं म्हणणार? आपण नर्मदेच्या उत्तरेला राहतो, म्हणून गुरुजींनी तिथे "नर्मदायाः उत्तरे तीरे" घातलं. काळाचंही तसंच. पोथीत "श्रावणे मासे शुक्ले पक्षे" होतं. २८ जुलैला ते बरोबर ठरतं, पण १४ जुलैला महिना आषाढ आणि पक्ष कृष्ण, म्हणजे दोन्ही शब्द चुकले. हिंदी पंचांग धरलं तर महिना जुळला असता, पक्ष तरीही चुकलाच असता. संवत्सराचं नावही शालिवाहन शकाने आणि विक्रम संवताने वेगवेगळं निघतं, म्हणून शक १९४७ लिहिलं की विश्वावसू लिहायचं आणि त्या ओळीत विक्रम संवत मिसळायचा नाही.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. गुरुजी आणि संस्कृतचे जाणकार यांची कामं वेगळी आहेत. विधीचा क्रम, साहित्य, संकल्प, कुळाचाराला कुठे सूट आहे, हे गुरुजींना विचारायचं. मंत्राचा अर्थ आणि कथेचा आधार संस्कृतच्या माणसाला. त्याच स्क्रिप्टमध्ये मृत्युंजय मंत्राचा अर्थ आम्ही "मृत्यूपासून सोडवून अमृताकडे ने" असा लिहिला होता. आमच्या ओळखीच्या निवृत्त संस्कृत शिक्षिकेने तो खोडला. शेवटचे शब्द "मृत्योर्मुक्षीय माऽमृतात्" असे आहेत. त्यातला "मा" म्हणजे "नको": देठापासून काकडी सुटावी तशी मृत्यूपासून माझी सुटका होवो, अमृतापासून नको. अवग्रहाची ती एक खूण आमच्या स्क्रीनवरच्या अक्षरांत गळली होती. गुरुजींकडून हा अर्थ निसटला यात त्यांचा दोष नाही, त्यांनी मंत्र बरोबरच म्हणून दाखवला होता. अर्थ आम्ही त्यांना विचारलाच नव्हता.

म्हणून आता वाक्यांना आकडे घालतो आणि प्रत्येकासमोर लिहितो की हे शास्त्र, कुळाचार की लोकांची समजूत, आणि कोणी तपासायचं. "पुराणात सांगितलंय" हे वाक्य सगळ्यात त्रासदायक. कोणत्या पुराणात, कोणत्या अध्यायात, हे दाखवता आलं तर राहतं. नाही तर "अशी श्रद्धा आहे" असं लिहितो. त्याने वाक्य कमी होत नाही, खरं होतं. बेलाच्या पानाने साखर उतरते यासारखं काही स्क्रिप्टमध्ये आलं, तर ते गुरुजींकडे नेतच नाही. ते डॉक्टरांचं क्षेत्र आहे, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय ते वाक्य व्हिडिओत जात नाही.

"बरोबर आहे ना?" हा प्रश्न मी सोडून दिला. समोरचा माणूस भिडेखातर हो म्हणतो. त्याऐवजी विचारते, "यातलं कोणतं वाक्य तुम्ही यजमानांसमोर म्हणणार नाही?" पहिल्यांदा असं विचारलं तेव्हा गुरुजींनी लाल पेनाने सात जागा दाखवल्या. प्रत मोठ्या अक्षरात छापून नेते, तीही आषाढातच, कारण श्रावणात त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. दक्षिणा प्रत देतानाच देते. पसंतीनंतर दिली तर ती पसंतीची किंमत वाटते.

तपासणी कागदावर संपत नाही, हेही शिकले. बरोबर लिहिलेला मंत्र निवेदिकेच्या तोंडी बिघडू शकतो, म्हणून संकल्प आणि मंत्रांचं ध्वनिमुद्रण गुरुजींना व्हॉट्सअॅपवर पाठवते. शीर्षक आणि थंबनेलही दाखवते. आत सगळं नीट असून बाहेर "हे केलं नाही तर पूजा निष्फळ" असं लिहिलं, तर त्या घाबरवण्यालाही गुरुजींचं नाव चिकटतं. त्यांनी पाहिल्यानंतर एखादी ओळ बदलली, तर तेवढी ओळ पुन्हा दाखवते.

नावाचं मी त्यांना सरळ विचारलं. आम्ही वर्णनात "शास्त्रशुद्ध, गुरुजींनी तपासलेलं" असं लिहिणार होतो. त्यांनी ते खोडून स्वतःच्या हाताने लिहिलं: "संकल्प आणि पूजेचा क्रम तपासला. कथा तपासलेली नाही." आता त्यांचं नाव त्याच शब्दांत जातं.