ट्वेंटी-फिफ्टी, कारचं तेल आणि मेहुण्याच्या क्लच प्लेटा

"कोकणातल्या भावांनो, आपल्याकडची दमट गरमी इंजिन खाते. कंपनी टेन-थर्टी सांगते ते पाण्यासारखं तेल, फक्त ॲव्हरेज दाखवायला. आपल्या हवेत ट्वेंटी-फिफ्टीच टाका. कारचं फुल सिंथेटिक मिळालं तर सोन्याहून पिवळं, इंजिन ते इंजिन. आणि तेल काळं दिसलं की लगेच फेका. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

बाईकच्या इंजिन तेलाबद्दलचा हा मेसेज मला आतापर्यंत चार ग्रुपवर आला आणि चारही वेळा मी सोडून दिला. पण गणपतीनंतर तीन आठवड्यांनी मेहुण्याचा फोन आला, "भावोजी, गाडी नुसती रेस होते, चढाला ओढतच नाही." तो गुहागर तालुक्यात वाडीवाडीवर पाव टाकतो. शंभर सीसीची स्प्लेंडर, मागे दोन क्रेट, पहाटे पाचला घराबाहेर. त्याची गाडी उभी राहिली की घरची चूल अडते. म्हणून आता लिहितोय, आणि सुरुवात कारच्या तेलापासूनच करतो, कारण खरं नुकसान त्यानेच केलंय.

गाडी गॅरेजला आली तेव्हा आधी क्लचचा लिव्हर बघितला. लिव्हरच्या टोकाला 10 ते 20 मिलिमीटर मोकळी खेळ हवी. ती नसली तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि गाडी अशीच घसरते. खेळ बरोबर होती. केबल तर नवीनच होती, कारण त्याच्या गावाजवळच्या एका मेकॅनिकने रोग न बघताच ती बदलून दिली होती. मग मी स्वतः चढावर नेली. तिसऱ्या गिअरला मूठ पिळली की इंजिनाचा आवाज चढायचा आणि काटा तिशीवरच. क्लच घसरतोय हे ओळखायला एवढं पुरतं. सपाटीवर, हलक्या मुठीवर ते कळतच नाही, म्हणून तीन आठवडे त्याला वाटत राहिलं की पेट्रोलमध्ये भेसळ आहे.

"तेल कुठलं टाकलंस?" विचारल्यावर कळलं. गणपतीला मुंबईहून आलेल्या चुलतभावाने कारच्या सर्व्हिसिंगमधून उरलेलं फाईव्ह-थर्टी फुल सिंथेटिक दिलं होतं. मेसेज वाचलेलाच होता, दोघांनी मिळून ओतलं. कॅन त्याने जपून ठेवला होता. मागे गोल शिक्का होता आणि त्याच्या खालच्या कमानीत लिहिलं होतं 'रिसोर्स कन्झर्व्हिंग'.

हा शब्द बाईकवाल्याने डोळ्यांत तेल घालून वाचावा. कारचा क्लच इंजिनाच्या बाहेर, कोरडा असतो. त्यामुळे तिथल्या तेलात घर्षण कमी करणारी रसायनं घातली तरी क्लचला त्याचा पत्ता लागत नाही, उलट थोडं पेट्रोल वाचतं. आपल्या बाईकमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच तिघंही एकाच तेलात बुडालेले. क्लचच्या प्लेटांनी एकमेकींना घट्ट धरायचं असतं आणि आपण त्यांच्यामध्ये घसरायचं औषध ओततो. "इंजिन ते इंजिन" म्हणणाऱ्याने बाईकचं कव्हर कधी उघडून बघितलेलं नाही, हे मी खात्रीने सांगतो.

याचसाठी जपानी वाहन उद्योगाने बाईकच्या तेलाचं वेगळं मानक केलं, त्याचं नाव जासो. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए2' असेल तर ते तेल ओल्या क्लचला चालतं, असं तपासलेलं असतं. 'एमबी' म्हणजे कमी घर्षणाचं, गिअर नसलेल्या स्कूटरसाठी. आपल्याकडे एकाच पडवीत स्कूटर आणि बाईक दोन्ही उभ्या असतात आणि स्कूटरचा उरलेला डबा बाईकमध्ये जातो. दोन्हींवर टेन-थर्टीच लिहिलेलं, म्हणून कुणाला शंका येत नाही. तेही करू नका. डिझेल गाडीच्या तेलाबद्दल लोक विचारतात. त्याच्या डब्यावर जासो एमए छापलेलं असेल तर बोलू, नसेल तर नको.

मेहुण्याच्या गाडीतलं तेल गरम असताना काढलं, योग्य तेल भरलं, पन्नासेक किलोमीटर फिरवून तेही काढलं आणि पुन्हा नवीन भरलं. लवकर लक्षात आलं असतं तर एवढ्यावर भागलं असतं. पण तीन आठवडे क्रेट लादून चढ मारलेले. कव्हर उघडलं तर लायनिंगच्या प्लेटा काचेसारख्या गुळगुळीत आणि मधल्या लोखंडी प्लेटांवर निळसर डाग, म्हणजे घसरून तापलेल्या. पूर्ण संच बदलावा लागला. फुकट मिळालेल्या तेलापायी.

आता ट्वेंटी-फिफ्टी. दमट गरमीचं म्हणाल तर घाम माणसाला येतो, इंजिनाला येत नाही. हवा दमट असली की आपला घाम वाळत नाही, म्हणून आपल्याला रत्नागिरीचे 33 अंश नकोसे होतात. इंजिनाच्या फिन्स घामावर थंड होत नाहीत. त्यांना हवेचं तापमान आणि वारा एवढंच कळतं. त्या हिशोबाने मे महिन्यात 45 अंशांत चालणाऱ्या नागपूरच्या गाडीपेक्षा आपली गाडी सुखात असते, आणि त्या गाडीलाही कंपनी तेच टेन-थर्टी सांगते.

"पाण्यासारखं" हेही बघू. तेलाचे ग्रेड ठरतात एसएईच्या जे300 या तक्त्यावरून. आपण टेन-थर्टी म्हणतो ते डब्यावर 10डब्ल्यू-30 असं लिहिलेलं असतं. त्यात शेवटचा आकडा म्हणजे तापलेल्या, 100 अंशांच्या तेलाचा घट्टपणा. 30 ग्रेडचं तेल त्या तापमानाला 9.3 ते 12.5 सेंटीस्टोक्सच्या मध्ये असावं लागतं, 50 ग्रेडचं 16.3 ते 21.9 च्या मध्ये. घागरीतलं साधं पाणी साधारण 1 असतं. म्हणजे उकळत्या पाण्याइतकं तापलेलं टेन-थर्टीसुद्धा घागरीतल्या पाण्याच्या नऊ-दहा पट घट्ट असतं. ते हाताला पातळ लागतं म्हणून ते पाणी होत नाही.

पहिला आकडा, 'डब्ल्यू'च्या आधीचा, थंडीतला. 10डब्ल्यूची चाचणी उणे 25 अंशांवर होते, 20डब्ल्यूची उणे 15 वर. दापोलीतही कधी तसली थंडी पडत नाही, तेव्हा या आकड्यावरून आपल्याकडे भांडायचं कारण नाही, एवढं मेसेजवाल्याला दिलं. पण पहाटेचं गार इंजिन आपल्याकडेही असतं. 40 अंशांवरसुद्धा ट्वेंटी-फिफ्टी हे टेन-थर्टीच्या दुपटीहून घट्ट असतं, पहाटे 20 अंशांना तर आणखी. स्प्लेंडरसारख्या इंजिनात तेल खालच्या जाळीतून पंपात, तिथून वर हेडमधल्या कॅमपर्यंत चढायचं असतं. ते वर पोचेपर्यंत कॅम जुन्या ओलाव्यावर फिरतो. ज्याची गाडी दिवसातून वीस वेळा बंद-चालू होते, त्याने इंजिन जेवढ्यासाठी बांधलं त्याहून जाड तेल का घालावं?

अर्धसत्य आहे ते सांगतो. पातळ तेलाने ॲव्हरेज थोडं वाढतं आणि कंपन्यांना ते हवंच असतं, हे खरं. पण त्या इंजिनाच्या बेअरिंगमधल्या फटी आणि पंपही त्याच तेलावर बेतलेला असतो. बजाजच्या पल्सर 150 ला कंपनी वर्षानुवर्षं ट्वेंटी-फिफ्टीच सांगत आली, तिच्यात तेच घाला. हा मेसेज कदाचित तिथूनच निघाला असेल. दोन माणसं आणि सामान घेऊन रोज कुंभार्ली किंवा आंबा घाट चढत असाल तर तेल जास्त तापतं, हेही मान्य. काही पुस्तिकांत हवेच्या तापमानाप्रमाणे पर्यायी ग्रेडचा तक्ता असतो. तुमच्या पुस्तिकेत 40 ग्रेडला परवानगी असेल तर तेवढं जाड घ्या. पण थेट पन्नासवर उडी नको.

काळ्या तेलाचं दोन वाक्यांत. तेलातली साफ करणारी रसायनं काजळी धरून ठेवतात, म्हणून ते काही शे किलोमीटरमध्ये काळपट होतंच, ते त्याचं कामच आहे. बदलायचं ते पुस्तिकेतल्या किलोमीटरवर किंवा महिन्यांवर, जे आधी येईल त्यावर.

कोकणात भ्यायचं ते काळ्या तेलाला नाही, दुधाळ तेलाला. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, थोडं रिंगांच्या फटीतून खाली तेलात उतरतं. तेल चांगलं तापलं तर ते उडून जातं. पण पावसाळ्यात घर ते नाका, नाका ते घर, दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या की तेल तापतच नाही आणि पाणी आत साठतं. तेल भरायच्या झाकणाला आतून दुधाच्या चहावर येते तशी साय दिसेल. ती पुढे जाळीवर बसते. आठवड्यातून एकदा सलग वीस-पंचवीस किलोमीटर चालवा, झाकण पुसून पुन्हा बघा. साय परत आली तर तेल बदला, किलोमीटर कितीही झालेले असोत. आणि गाडी पुरात बुडालेली असेल, जशा 2021 च्या जुलैत चिपळूणला बुडाल्या, तर किक मारू नका, आधी तेल काढा.

परवा मेहुणा पुन्हा येऊन गेला. गाडी मधल्या स्टँडवर लावली, तीन-चार मिनिटं चालू ठेवून बंद केली, दोन मिनिटं थांबलो. कांडी काढून पुसली आणि आटे न फिरवता नुसती टेकवून बघितली. फिरवून घट्ट केली तर कांडी जास्त खोल जाते आणि पातळी असते त्याहून जास्त दिसते. तेल दोन खुणांच्या मध्ये, रंग काळपट, साय नाही. तरी तो म्हणालाच, "भावोजी, काळं दिसतंय, टाकायचं का?" त्याला सांगितलं, अजून हजारेक किलोमीटर बाकी आहेत, तेवढे होऊ देत.