खालील चित्रातला विनोद समजावणे

काकांचा निरोप आला: "खालील व्यंगचित्रातला विनोद समजावून सांगणे." खाली चित्र नव्हतं. एक करडा चौकोन होता आणि त्याच्या पायाशी चित्राची ओळ होती, तीसुद्धा काकांनी माझ्या सोयीसाठी स्वतः टंकलेली: "तरी मी म्हणत होतो, आधी मोजून घ्या."

मी चित्र पुन्हा मागितलं. फोनमधली जागा भरली म्हणून त्यांनी ते पुसून टाकलं होतं. "पण ओळ आहे ना? विनोद ओळीतच असतो," असं त्यांचं म्हणणं.

नेमकी इथेच गोची आहे. ओळ स्वतःच मजेशीर असेल तर चित्र नुसतं शोभेला असतं, ते हरवलं तरी बिघडत नाही. पण ओळ जितकी साधी, तितका चित्रावर भार जास्त. आणि "आधी मोजून घ्या" हे वाक्य इतकं साधं आहे की शिंप्याच्या, सुताराच्या किंवा नर्सच्या तोंडी ते दिवसातून चारदा येत असेल आणि कोणी ढुंकूनही पाहत नसेल. म्हणजे हसू सगळं त्या करड्या चौकोनात.

तरी मी ओळीला लागलो, पाऊलखुणा बघणाऱ्या माणसासारखा. "म्हणत होतो" म्हणजे बोलणारा पुरुष आहे आणि त्याने हे एकदा नव्हे, अनेकदा सांगितलंय. "घ्या" म्हणजे समोर एकतर पुष्कळ लोक आहेत किंवा साहेब आहे. "आधी" म्हणजे आता नंतर झालेलं आहे. आणि सगळ्यात मोलाचा शब्द "तरी". हा शब्द मराठी माणूस नुकसान झाल्याशिवाय उच्चारत नाही. तेव्हा चित्रात काहीतरी अवाढव्य बिघडलेलं असणार, आणि बोलणारा मात्र बटण तुटल्याइतक्याच शांतपणे बोलत असणार. संकट हत्तीएवढं आणि बोलणं मुंगीएवढं, या तफावतीतच हसू येतं.

या जातीचा एक नामांकित नमुना आहे. पीटर आर्नो याचं 1941 सालचं व्यंगचित्र, 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकातलं. विमान कोसळलंय, माणसं त्याच्याकडे धावताहेत, आणि कोटटायमधला एक गृहस्थ काखेत नकाशांची गुंडाळी घेऊन उलट दिशेने निघालाय. ओळीचा भावार्थ: चला, पुन्हा आराखड्याच्या फळ्याकडे. पुढे ती ओळ इंग्रजीत वाक्प्रचार होऊन बसली. आज ती वापरणाऱ्या पुष्कळांनी ते विमान पाहिलेलंही नसतं. ओळ एकटीच जगली खरी, पण ती ऐकून कोणी हसत नाही. काकांना मी हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "वैमानिक वाचला का?"

मग मी चित्र त्यांच्याकडून वदवून घ्यायचं ठरवलं आणि फोन लावला.

"काका, चित्रात कोण कोण होतं?"

"माणसं होती. एक टकला."

"तोंड कोणाचं उघडं होतं?" हा प्रश्न महत्त्वाचा. असल्या चित्रात बोलतो कोण, हे बहुधा उघड्या तोंडावरूनच कळतं. आणि हीच ओळ चुकणारा बोलला तर एक विनोद होतो, खालून बघणारा मासा बोलला तर दुसराच.

"तोंडाकडे कोण बघतं? टकल्याच्या हातात टोपी होती. मागे डोंगर. छान काढले होते डोंगर."

डोंगरांवर पाच मिनिटं गेली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चित्रातली कुठली गोष्ट सांगण्याजोगी आहे हे ज्याला कळतं, त्याला विनोद आधीच कळलेला असतो. काकांना तो कळला नव्हता. त्यामुळे त्यांच्या लेखी टोपी, डोंगर आणि टक्कल यांना सारखाच मान होता, आणि जिथे विनोद होता ती जागा त्यांना 'बाकी साधंच' वाटणार होती.

म्हणून मी विचारलं, "बाकी काय साधं होतं?"

"बाकी काय, नदी. आणि दोन पूल."

"दोन?"

"एक डावीकडून आलेला, एक उजवीकडून."

"दोन्ही नदीच्या मध्यापर्यंतच?"

"हो. अर्धवटच काढलेत. चित्रकार कंटाळला असेल."

"एक वर आणि एक खाली?"

"माणूसभर फरक असेल. तुला कसं कळलं?"

मी दम घेतला आणि समजावलं. पूल एकच आहे, काका. दोन्ही काठांवरून बांधत आणला आणि मध्यावर जुळला नाही. टकला बहुतेक मुख्य अभियंता, टोपी काढून बघत उभा. आणि कोणीतरी हाताखालचा माणूस त्याला म्हणतोय, तरी मी म्हणत होतो.

पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, आता हसतील.

"म्हणजे मोजायला हवं होतं," काका म्हणाले.

"हो."

"मग बरोबरच बोलतोय की तो. यात हसण्यासारखं काय आहे?"