टॉलरन्स वाढवून स्पिल जात नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

व्हिडिओतील माणसामागचा हिरवा पडदा काढून टाकण्यावरच्या माझ्या लेखावर आलेली प्रतिक्रिया: “स्पिल काढायला वेगळी पायरी कशाला? टॉलरन्स थोडा वाढवला की कडेचा हिरवा आपोआप जातो. पडद्यापासून तीन फूट अंतरही कमीच आहे. आधी स्वतः शिका, मग लेख लिहा. फॉन्टसुद्धा वाचवत नाही.”

नमस्कार. अंतराचे म्हणणे मान्य आहे. जागा असेल तर सहा ते आठ फूट ठेवावे, आणि लेखात तशी दुरुस्ती केली आहे. फॉन्टचे राहू द्या. ‘आधी स्वतः शिका’ हे मात्र खटकले. परभणीत बारा वर्षे मी लग्नांचे आणि भाषणांचे व्हिडिओ एडिट करतो आहे. चूक दाखवायला एवढा तिरकस सूर लागत नाही.

टॉलरन्स फक्त एवढेच ठरवतो, की पडद्याच्या रंगापासून किती दूरचे पिक्सेल पारदर्शक करायचे. स्पिल म्हणजे पडद्यावरून उसळून माणसाच्या खांद्यावर, गालावर, केसांवर पडलेला हिरवा प्रकाश. तो ज्या पिक्सेलवर असतो ते माणसाचेच असतात, म्हणून ते ठेवून त्यांचा केवळ रंग दुरुस्त करावा लागतो. आपण सुचवता त्या उपायाने हिरव्याबरोबर माणूसही कापला जातो.

गेल्या वर्षी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या, म्हणजे १७ सप्टेंबरच्या कार्यक्रमासाठी पिवळा फेटा बांधलेल्या एका वृद्ध वक्त्यांचे भाषण हिरव्या पडद्यासमोर चित्रित केले होते. माझ्या मदतनिसाने नेमका आपलाच उपाय केला आणि त्यांची विरळ पांढरी दाढी कात्रीने कापल्यासारखी झाली. मी टॉलरन्स पुन्हा खाली आणून डिस्पिल, म्हणजे स्पिलचा हिरवा कमी करणारा इफेक्ट, लावला, तर दाढी परत आली, पण फेटा भगवा झाला. (भाषण कोणत्याच पक्षाचे नव्हते, त्यामुळे हे परवडणारे नव्हते.)

कारण साधे होते. तो डिस्पिल हिरव्याला लाल आणि निळ्याच्या सरासरीवर आणून बसवत होता. फेट्याचा रंग साधारण लाल २२०, हिरवा १८०, निळा ५० होता. सरासरी १३५ येते, म्हणून हिरवा १८० वरून १३५ वर घसरला आणि पिवळ्याचा नारिंगी झाला. त्याऐवजी दोहोंतील मोठ्या आकड्याची मर्यादा घातली, म्हणजे `G = min(G, max(R, B))`, तर मर्यादा २२० होते आणि फेटा जसाच्या तसा राहतो. केसांच्या कडेला ४०, ७२, ३८ असा पिक्सेल असेल तर तेथे हिरवा ४० वर येतो, म्हणजे स्पिलही जातो. ही पद्धत फेट्यावर पडलेला हलका हिरवा मात्र ओळखत नाही, कारण पिवळ्यात लालच मोठा असतो. त्यासाठी फेट्याला वेगळा मास्क लावून तेथे हिरवा हाताने थोडा कमी करावा लागला.

आपल्या एखाद्या व्हिडिओचा मॅट, म्हणजे ठेवलेला भाग पांढरा आणि पारदर्शक केलेला भाग काळा दाखवणारे चित्र, एकदा उघडून पाहा. कानामागचे सुटे केस करड्या छटेत दिसत असतील तर गोष्ट वेगळी. ते सरळ काळे झाले असतील, तर टॉलरन्सने काय नेले ते तिथेच दिसेल.